गृहकर्जाचे मंजुरीपत्र वाचताना काय पाहावे?

प्रश्न: मंजुरीपत्रात व्याज ‘रेपो दर अधिक स्प्रेड’ असे लिहिले आहे. सही करण्यापूर्वी नेमके काय पाहू?

उत्तर: रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, आणि स्प्रेड म्हणजे बँक त्यावर जोडते ती टक्केवारी. आधी ‘रीसेट’चे, म्हणजे दर नव्याने ठरवण्याचे कलम शोधा, कारण रेपो दर बदलला की तुमचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलतो आणि बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. ३० लाखांचे कर्ज, २० वर्षे, ८.५ टक्के दराने हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. सुरुवातीलाच दर ९ टक्के झाला आणि हप्ता तोच राहिला, तर २४० ऐवजी सुमारे २६७ हप्ते भरावे लागतात. रीसेटच्या वेळी हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा पर्याय बँकेने द्यायचा असतो. तो अवश्य मागा.

प्रक्रिया शुल्क अर्धा टक्का असेल, तर १५,००० रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरून १७,७०० रुपये होतात. कर्ज न उचलल्यास ते परत मिळते का, हे लेखी विचारून घ्या.

वैयक्तिक नावावरील, व्यवसायासाठी नसलेल्या फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या कर्जाच्या मुदतपूर्व फेडीवर दंड लागत नाही. मात्र पहिली काही वर्षे दर स्थिर असेल, तर त्या काळात तो लागू शकतो.