लेन्स लावून पोहणं

प्रश्न: इंदूरला पूलमधून आलं की डोळे लाल होतात, झोंबतात. लेन्सवर गॉगल लावून पोहलं तर चालेल का?

नाही, लेन्स काढूनच उतरा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढायला बसते, म्हणून हे रोज सांगावं लागतं. झोंबतं ते नुसत्या क्लोरीननं नाही, लोकांचा घाम आणि लघवी (हो, तीच) क्लोरीनमध्ये मिसळून जे क्लोरामाइन बनतं त्यानं, आणि ते बहुतेक काही तासांत उतरतं. लेन्सचा धोका वेगळाच, पाण्यात अकँथामीबा नावाचा जीव असू शकतो, त्याचं कवच क्लोरीनलाही दाद देत नाही, आणि सॉफ्ट लेन्स पाणी शोषून त्याला बुबुळाला चिकटवून ठेवते. गॉगल हवाच, पट्टा न लावता डोळ्यावर दाबून पाहा, क्षणभर तरी चिकटून राहिला तर फिटिंग बरोबर, पण एखादा थेंब आत जातोच. नंबरचे स्विमिंग गॉगल मिळतात ते घ्या. अगदीच दिसत नसेल तर डॉक्टरांना विचारून डेली डिस्पोजेबल, वरून घट्ट गॉगल, आणि बाहेर आल्याबरोबर लेन्स फेकून द्यायची, नळाखाली धुवायची नाही. दुखणं वाढलं, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि लेन्स लावून पोहल्याचं आठवणीनं सांगा.