'उद्दिष्ट' कधी पूर्ण होतं?

*"ऑब्जेक्टिव्ह, डिसिजन व्हेरिएबल, कन्स्ट्रेंट यांना मराठीत नेमकं काय म्हणावं? वर्गात मोबाइल प्लॅनचं उदाहरण दिलं, तर निम्म्या मुलांनी 'उद्दिष्ट : 400 रुपयांत भागवणे' असं लिहिलं. शब्द चुकतोय की मुलं?" – तासगावहून एक शिक्षिका*

बाई, मुलांनी तो शब्द जसा ऐकलाय तसाच वापरला. आपल्या सांगलीकडं गळीत हंगाम सुरू झाला की 'यंदा अमुक लाख टन गाळपाचं उद्दिष्ट' ही बातमी ठरलेलीच. घरपट्टी वसुलीचं उद्दिष्ट असतं, वृक्षलागवडीचं असतं. या सगळ्यांत उद्दिष्ट म्हणजे गाठायचा आकडा, आणि तो गाठला की उद्दिष्ट 'पूर्ण' होतं. तुम्ही शिकवताय ते ऑप्टिमायझेशन, म्हणजे अटी पाळून सगळ्यांत चांगला पर्याय शोधायचं गणित. त्यातल्या उद्दिष्टाला असा आकडाच नसतो. काय वाढवायचं किंवा काय कमी करायचं, एवढंच ते सांगतं. कारखान्याचा गाळपाचा आकडा आपल्या भाषेत खरं तर अट आहे: 'किमान इतकं व्हायला हवं'. मुलांचे 400 रुपयेही अटच. म्हणून 'उद्दिष्ट' हा शब्द ठेवा, पण त्याच्यापुढं 'जास्तीत जास्त' किंवा 'कमीत कमी' लिहिल्याशिवाय वाक्य पुरं झालं असं मानू नका.

तुमचंच उदाहरण पुढं नेतो. दर हिशेबाला सोपे पडावेत म्हणून मनाचे घेतलेत. महिन्याला 400 रुपये आहेत. त्यातले 220 कॉलिंगच्या मूळ रिचार्जला जातात, उरले 180. त्यात डेटाची व्हाउचर घ्यायची: लहान 20 रुपयांना 1 जीबी, मोठं 70 रुपयांना 6 जीबी. लहान x घेतली आणि मोठी y घेतली, तर उद्दिष्ट होतं 'x + 6y जास्तीत जास्त', आणि अट होते 20x + 70y ≤ 180.

x आणि y ही 'निर्णय चलं'. इथं मुलं हमखास अडखळतात, कारण 'चल' म्हणजे बदलणारं, आणि व्हाउचरचा दर तर सारखाच बदलतो. मग दरही चल का नाही? उत्तर 'निर्णय' या शब्दात आहे. दर कंपनी ठरवते, किती व्हाउचर घ्यायची ते आपण. आपल्या हातात नाही ते या प्रश्नापुरतं दिलेलंच धरायचं. त्याला 'प्राचल' असा शब्द आहे, पण वर्गात 'दिलेली माहिती' म्हटलं तरी भागतं.

कन्स्ट्रेंटसाठी 'निर्बंध', 'मर्यादा', 'बंधन' असे तिन्ही शब्द वापरात आहेत. 'निर्बंध' म्हटलं की सरकारी आदेश आठवतो. 'मर्यादा' ऐकली की मनात वरची हद्द येते, त्यामुळं 'किमान 10 जीबी हवाच' याला मर्यादा म्हणताना जीभ अडखळते. मला 'अट' सगळ्यांत चपखल वाटतो. ती वरून घालता येते, खालूनही घालता येते, आणि त्याच्याबरोबर क्रियापदं आयती मिळतात: पर्याय अटीत बसतो, अट मोडतो. दोन मोठी आणि तीन लहान घेतली तर 200 रुपये होतात. अट मोडली, पर्याय बाद, मग डेटा कितीही मिळो. लेखी परीक्षेत मात्र पुस्तकातला शब्द असेल तोच लिहू द्या.

आता उकल. मोठं एकही न घेता नऊ लहान घेतली तर 9 जीबी. एक मोठं, पाच लहान: 170 रुपयांत 11. दोन मोठी, दोन लहान: बरोबर 180 रुपयांत 14 जीबी. तीन मोठी घ्यायची तर 210 लागतात. म्हणजे उत्तर 14.

इथं फळ्यावर एक गोष्ट करून बघा. एखादा हुशार मुलगा म्हणेल, मोठं व्हाउचर रुपयामागं जास्त डेटा देतं, मग 180 भागिले 70, सगळे पैसे त्यातच, 15 जीबीच्या वर मिळेल. भागाकार बरोबर आहे, पण अडीच व्हाउचर कुठलाही दुकानदार देत नाही. x आणि y शून्य किंवा पूर्ण संख्याच असाव्यात, ही अट कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून ती लिहायची राहून जाते. उत्तरात अपूर्णांक आला की अशी एखादी अट सुटली का, ते आधी बघायचं.

मग प्रश्न उलटा करा: किमान 10 जीबी हवा, खर्च कमीत कमी. आता 10 जीबी अट झाली आणि रुपये उद्दिष्टात गेले. नेमके 10 भरायला एक मोठं आणि चार लहान, म्हणजे 150 रुपये. पण नुसती दोन मोठी घेतली तर 140 रुपयांतच 12 जीबी मिळतो. 'उद्दिष्ट : 10 जीबी' असं लिहिणारा मुलगा दहावर थांबतो आणि दहा रुपये जास्त देतो.