वस्तू अस्सल नाही म्हणून सेलर अकाउंट बंद झालं, आता अपील कसं लिहायचं?

प्रश्न: काल अचानक माझं सेलर अकाउंट सस्पेंड झालं. मेलमध्ये फक्त "वस्तू अस्सल नसल्याच्या तक्रारी" एवढंच लिहिलंय. माल तर ओरिजिनलच आहे. पैसेही अडकलेत. अपील कसं लिहू आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?

उत्तर:

आज अपील पाठवू नका. ऑर्डरी थांबल्या की जीव थाऱ्यावर राहत नाही, हे मला माहीत आहे. माझंही अकाउंट याच कारणानं बंद झालं होतं आणि मी त्याच रात्री अपील पाठवून मोकळा झालो. ते फेटाळलं. चार दिवसांनी दुसरं पाठवलं, तेही फेटाळलं. तिसरं मंजूर झालं तेव्हा चोवीस दिवस उलटले होते. मार्केटप्लेसचं नाव घेत नाही.

आधी मेल पुन्हा नीट वाचा. अकाउंट केवळ पत्ता, बँक खातं किंवा जीएसटीचं नाव जुळत नाही म्हणून बंद झालं असेल, तर अपिलाच्या पत्राची गरजच नसते, योग्य कागद चढवले की काम होतं. तुमची केस तशी नाही. "अस्सल नाही" याचा अर्थ तुमचा माल नकली असल्याचं कुणी सिद्ध केलंय असा नाही. ग्राहकांनी माल परत करताना "डुप्लिकेट वाटतो", "फोटोसारखा नाही", "वापरलेला वाटतो" अशी कारणं दिली आणि त्यांची संख्या वाढली, बहुतेकदा एवढंच झालेलं असतं. म्हणून समोरच्याला दोन गोष्टी हव्या असतात. माल आला कुठून, आणि ग्राहकाला तो नकली का वाटला. बहुतेक विक्रेते पहिल्याचं उत्तर देतात आणि दुसऱ्याला हातच लावत नाहीत. माझी पहिली दोन अपिलं तिथेच फसली. पहिल्यात मी लिहिलं की आम्ही दोन वर्षं प्रामाणिकपणे धंदा करतोय, घर यावरच चालतं. दुसऱ्यात ग्राहक खोटं बोलतात आणि कुरिअरवाले माल बदलतात असं लिहिलं. दोन्हींमध्ये माझी काय चूक झाली आणि मी काय बदललं, यावर एक ओळही नव्हती.

मी पुण्यात कुकरच्या रिंगा, शिट्ट्या, मिक्सरची भांडी असे सुटे भाग विकतो. तक्रारी एकाच मालावर होत्या, एका नावाजलेल्या कंपनीच्या पाच लिटर कुकरच्या रिंगेवर. तिसऱ्या अपिलाआधी मी रिटर्नचा तीन महिन्यांचा रिपोर्ट उतरवला आणि त्या रिंगेच्या सगळ्या ओळी वेगळ्या काढल्या. नऊ रिटर्न होते, त्यातल्या सहांमध्ये "डुप्लिकेट" हा शब्द होता. एका बाईंनी लिहिलं होतं, "पाकिटावर चकाकणारा शिक्का नाही." मग मी रॅकवरचं पाकीट आणि पेजवरचा फोटो शेजारी शेजारी धरले आणि सगळं उलगडलं. कंपनीनं मध्येच पाकीट बदललं होतं. फोटोतल्या नव्या पाकिटावर होलोग्राम होता, माझ्याकडचं पाकीट जुनं, साध्या छपाईचं होतं. रिंग खरीच होती, पण घेणाऱ्याला ती नकली वाटणं साहजिक होतं.

मग बिलं काढली. मार्केटप्लेसनं मागच्या ३६५ दिवसांची खरेदी मागितली होती. त्या काळात मी त्या रिंगा विकल्या होत्या ४१०. कंपनीच्या अधिकृत वितरकाची तीन बिलं होती, मिळून ३२० नग. म्हणजे ९० नगांना कागद नव्हता. ते मी घाईच्या दिवसांत रविवार पेठेतल्या एका होलसेलरकडून कच्च्या चिठ्ठीवर उचलले होते, आणि जुनी पाकिटं त्यातलीच होती. तुमच्याकडेही असा आकडा निघाला तर तो आत्ताच, अपिलाआधी निघू द्या. विक्रीपेक्षा खरेदीचे नग कमी दिसले की तपासणाऱ्याची नजर तिथेच जाते.

बिलांबद्दल एक कळकळीनं सांगतो. बिलावरची तारीख, नग किंवा नाव खाडाखोड करून बदलू नका आणि कुणाकडून मागच्या तारखेचं बिल करून घेऊ नका. मार्केटप्लेसचे लोक वितरकाला फोन करू शकतात. बनावट कागद सापडला की अकाउंट परत मिळण्याचा रस्ता जवळजवळ संपतो, आणि जीएसटीचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. खरं बिल कसं असावं? तुमचं नाव आणि पत्ता सेलर अकाउंटवर आहे तसाच, पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, मालाचं नाव असं की पेजवरच्या वस्तूशी जुळेल, नग आणि तारीख. माझ्या एका बिलावर नुसतं "कुकर रिंग" होतं, कंपनी नाही, लिटर नाही. वितरकाकडून त्या बिलाचा क्रमांक टाकून, कुठल्या मॉडेलचा माल दिला ते सांगणारं लेटरहेडवरचं पत्र घेतलं आणि बिलासोबत जोडलं. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून बघा, नोंदणी रद्द झालेली असेल तर आधीच कळेल. खरेदीचा भाव झाकायला मला परवानगी होती, तुमच्याकडे आहे का ते आधी तपासा. बाकी काहीही झाकू नका.

आता पत्र. ते याला प्लॅन ऑफ ॲक्शन म्हणतात. मूळ कारण, लगेच काय केलं, आणि पुढे काय बदललं, या तीन गोष्टी त्याच क्रमानं, एका पानात. इंग्रजीत लिहा, पण साध्या छोट्या वाक्यांत. माझ्या तिसऱ्या अपिलाचा मराठी गोषवारा असा होता:

> मूळ कारण: या रिंगेचे ४१० नग आम्ही ३६५ दिवसांत विकले. त्यातले ३२० अधिकृत वितरकाकडून घेतले, बिलं सोबत आहेत. उरलेले ९० नग आम्ही पक्क्या बिलाशिवाय घेतले, ही आमची चूक आहे. या ९० नगांचं पाकीट जुनं होतं, पेजवरच्या फोटोशी जुळत नव्हतं. आम्ही माल रॅकवर लावताना पाकीट तपासलं नाही. त्यामुळे सहा ग्राहकांना माल नकली वाटला.
>
> लगेच केलेले उपाय: जुन्या पाकिटातले, अजून न विकलेले आणखी २३ नग विक्रीतून काढले, फोटो सोबत आहे. सहाही ग्राहकांचे पैसे परत झाल्याचं तपासलं. ही लिस्टिंग आम्ही बंद केली आहे.
>
> पुढचे बदल: ब्रँडेड माल फक्त वितरकाच्या पक्क्या बिलावर घेतो. माल आला की बिल आणि पाकीट पेजच्या फोटोशी जुळवूनच स्टॉक चढवतो. ही तपासणी कोण करतं आणि कुठल्या वहीत सही करतं, त्या वहीच्या पानाचा फोटो सोबत आहे.

त्या ९० नगांची कबुली द्यावी की नाही यावर घरात वाद झाला. भाऊ म्हणाला, स्वतःहून फास कशाला लावून घेतोस. पण आकडा तसाही त्यांच्यासमोर होता. लपवला असता तर पत्रातलं बाकी सगळं खोटं वाटलं असतं. कबुली दिली तर अकाउंट मिळेलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. माल खरोखर संशयास्पद असेल तर अजिबात नाही. पण मला मिळालं ते याच पत्रावर.

"पुढे काळजी घेऊ" हे वाक्य पत्रात कुठेही ठेवू नका. "घेऊ", "करू" ही क्रियापदं शोधून काढा आणि जमेल तिथे आधी ती गोष्ट करा, मग "केलं" लिहा. मी वही सुरू केली, तिचं पहिलं पान भरलं आणि मगच पत्र पाठवलं.

उत्तराची वाट पाहताना रोज नवा मेल टाकू नका. प्रत्येक मेलमध्ये थोडी वेगळी हकिकत जाते आणि ती एकमेकींशी विसंगत होते. बायकोच्या किंवा भावाच्या नावावर दुसरं अकाउंट तर मुळीच उघडू नका. बँक खातं, पत्ता, फोन, कॉम्प्युटर यांवरून ती जोडलेली आहेत हे कळतं आणि दोन्ही जातात. "आमची आतमध्ये ओळख आहे" म्हणणाऱ्या एजंटांचे फोन येतील. एकानं माझ्याकडे लॉगिनच मागितलं होतं. देऊ नका.

पैशांचं: ग्राहकांच्या संभाव्य परताव्यांसाठी ते काही काळ रोखून ठेवतात. किती दिवस, ते तुमच्या करारात लिहिलेलं असतं, तो भाग काढून वाचा. आधी स्वीकारलेल्या ऑर्डरी पाठवायची मुभा असेल तर वेळेत पाठवा, नाहीतर परतावे वाढतात आणि रोखलेली रक्कम कमी होते. लॉगिन चालू आहे तोवर विक्रीचे, सेटलमेंटचे आणि टॅक्सचे सगळे रिपोर्ट उतरवून ठेवा. अकाउंट बंद असलं तरी जीएसटीचे रिटर्न भरावेच लागतात, विक्री शून्य असली तरी. मार्केटप्लेसनं कापलेला टीसीएस, जो १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के आहे, तोही पोर्टलवर स्वीकारून आपल्या कॅश लेजरमध्ये घ्यायचा राहू देऊ नका. विक्री थांबलेली असताना ते पैसे उपयोगी पडतात.

पुन्हा होऊ नये म्हणून मी फार काही करत नाही, पण जे करतो ते चुकवत नाही. दर सोमवारी सकाळी रिटर्नची कारणं वाचतो. एकाच मालावर "डुप्लिकेट" किंवा "फोटोसारखं नाही" असं दोनदा दिसलं की तो माल त्याच दिवशी बंद करतो आणि पाकीट हातात घेऊन बघतो. परत आलेलं पाकीट फोडलेलं असेल तर ते नव्या मालात कधीच मिसळत नाही. "वापरलेला माल नवा म्हणून विकला" ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते. आणि प्रत्येक मालाच्या फोल्डरमध्ये बिलाची प्रत असते, फाइलच्या नावात तारीख आणि नग. उद्या कुणी विचारलं तर खरेदी आणि विक्रीचा आकडा पाच मिनिटांत जुळवता येतो.

तुम्ही आता रिटर्नचा रिपोर्ट उतरवा, ज्या मालावर अशा तक्रारी दिसतात त्याच्या ओळी वेगळ्या काढा आणि ग्राहकांनी लिहिलेले शब्द जसेच्या तसे इथे कमेंटमध्ये टाका, ग्राहकांची नावं-पत्ते काढून. बिलांचे नग आणि विकलेले नगही लिहा. बघून सांगतो.