ओडी: दिवस की डोळा?

«आईच्या बीपीच्या गोळीपुढे ओडी लिहिलंय. मेडिकलवाला म्हणाला, दिवसातून एकदा. पण तिच्या चष्म्याच्या नंबराच्या कागदावरही ओडी आहे. आता चष्मा काय दिवसातून एकदाच लावायचा?»

चष्मा दिवसभर लावू द्या. त्या कागदावरचा ओडी म्हणजे उजवा डोळा. दोन्ही ओडी लॅटिनमधूनच आलेत, पण त्यांचं आपसात काही नातं नाही.

गोळीपुढचा ओडी म्हणजे 'ऑम्नी दीए', प्रत्येक दिवशी. गंमत अशी की यात 'एकदा' कुठेच नाही. इंग्रजीत 'वन्स डेली'चा ओ आणि डी नेमके जुळले, म्हणून आज बहुतेक जण तो इंग्रजीच समजतात. शेजारच्या बीडीचं तसं जुळवता येत नाही. तो 'बिस दीए', म्हणजे दिवसातून दोनदा. टीडीएस हा 'तेर दीए सुमेंदुम', दिवसातून तीनदा घ्यावे. 'बिस' आणि 'तेर' हे संस्कृत 'द्विः' आणि 'त्रिः' यांचे भाऊबंद, आणि 'दीए' आपल्या 'दिवस'च्या कुळातला.

डोळ्याचा ओडी म्हणजे 'ऑक्युलस डेक्स्टर'. हेही आपल्याला परकं नाही: ऑक्युलस म्हणजे 'अक्षि', डेक्स्टर म्हणजे 'दक्षिण'. डावा डोळा ओएस, 'ऑक्युलस सिनिस्टर'. दोन्ही डोळे असतील तर ओयू. उजवा-डावा पेशंटचा स्वतःचा, समोर बसलेल्या डॉक्टरचा नव्हे.

मग दोन्ही ओडी एकमेकांच्या वाटेत आले कसे? गोळीचा ओडी ही ब्रिटिश वैद्यकातली सवय, आपल्याकडच्या डॉक्टरांनी ती उचलली. अमेरिकेत 'रोज'साठी क्यूडी लिहायची रीत होती, 'क्वाक्वे दीए'. त्यामुळे तिथे ओडी डोळ्यासाठी मोकळा राहिला. आपल्याकडचे बरेच डोळ्यांचे डॉक्टर आरई, एलई असं सरळ इंग्रजीत लिहितात, पण चष्म्याच्या आणि कॉन्टॅक्ट लेन्सच्या कागदांवर ओडी-ओएसही भेटतात.

चष्म्याच्या नंबरात घोटाळा सहसा होत नाही. ओडीच्या खालीच ओएस असतो, पुढे उणे दीडसारखा आकडा असतो. गोळीशी गल्लत कोण करणार? खरी पंचाईत थेंबांच्या औषधात आहे, कारण तिथे 'किती वेळा' आणि 'कोणता डोळा' हे दोन्ही सांगावं लागतं.

माझी मावशी चाळीसगावजवळ खेड्यात राहते. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चिठ्ठीवर स्टेरॉइडचे थेंब होते: औषधाचं नाव, पुढे ओडी, त्यापुढे 6-5-4-3-2-1. म्हणजे उजव्या डोळ्यात पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एक वेळ कमी. दुकानातल्या पोराने ओडी वाचला आणि बाटलीच्या खोक्यावर पेनाने लिहून दिलं, 'रोज एकदा'. आकड्यांकडे त्याने बघितलंच नाही. चौथ्या दिवशी मावशीचा फोन आला: "मना डोया लाल व्हई गया." उजेड सहन होईना. ऑपरेशननंतरची आतली सूज दाबायला ते थेंब होते, आणि सहाच्या जागी एकच पडत होता. डॉक्टरांनी तपासून वेळा पुन्हा नीट लावून दिल्या आणि डोळा निवळला. पोराला मी फार दोष देत नाही. दिवसभर गोळ्यांच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्याला ओडी म्हणजे दिवस हेच दिसणार.

याचं उलटंही घडतं. अमेरिकेत औषधांतल्या चुकांचा मागोवा घेणाऱ्या संस्थेच्या 'ही लघुरूपं टाळा' यादीत ओडी आहे, आणि कारण असं दिलंय: 'रोज एकदा' म्हणून लिहिलेला ओडी 'उजवा डोळा' असा वाचला गेला आणि तोंडाने घ्यायचं पातळ औषध डोळ्यात टाकलं गेलं.

ओळखायचं कसं? त्याच ओळीत वेळांचे आकडे, बीडी, टीडीएस किंवा 'दर दोन तासांनी' असं काही असेल तर वेळेचं काम झालेलं आहे. मग ओडी हा डोळाच. जवळपास ओएस किंवा ओयू दिसला तरी डोळाच. गोळी किंवा कॅप्सूल असेल तर दिवस. अडतं ते एकाच ठिकाणी: थेंबांचं औषध आणि पुढे नुसता ओडी. काचबिंदूचे काही थेंब खरोखरच रोज रात्री एकदाच टाकायचे असतात, त्यामुळे तिथे दोन्ही अर्थ तितकेच बसतात. अशा वेळी व्याकरण कामाचं नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्यालाच विचारायचं, 'कोणत्या डोळ्यात, किती वेळा?', आणि उत्तर तिथल्या तिथे मराठीत लिहून घ्यायचं. 'उजवा डोळा, रोज रात्री 1 थेंब' एवढं लिहायला लॅटिन लागत नाही.