क्रॉस-डॉकिंग म्हणजे पलटी का? मग मराठी शब्द कोणता?

प्रश्न : माझा मुलगा बेळगावजवळच्या एका वितरण केंद्रात कामाला लागलाय. घरी आला की सारखं ‘क्रॉस-डॉकिंग, क्रॉस-डॉकिंग’ चालू असतं. आपले ट्रान्सपोर्टवाले ‘पलटी’ म्हणतात तेच का हे? याला मराठीत काय म्हणावं? आणि याने खर्च वाचतो म्हणतात, ते नेहमीच खरं असतं का?

उत्तर :

पलटी आणि क्रॉस-डॉकिंग या दोन्हींत माल एका गाडीतून उतरून दुसरीत चढतो, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. फरक आहे तो कारणात. आपल्या भागातली पलटीची सर्वांत मोठी जागा म्हणजे मिरज. तिथे ब्रॉडगेज आणि मीटरगेज रूळ एकत्र येत. एका गेजचा डबा दुसऱ्या गेजवर चालणारच नाही, म्हणून हमालांनी सगळा माल एका डब्यातून दुसऱ्यात भरायचा. ती पलटी नाइलाजाची होती आणि तिचा खर्च हा निव्वळ भुर्दंड होता. पुढे सगळे रूळ ब्रॉडगेज झाले तेव्हा ती बंद झाली, आणि तिच्यासाठी कोणी हळहळलं नाही.

क्रॉस-डॉकिंग मुद्दाम केलं जातं. एरवी वितरण केंद्रात आलेला माल उतरवतात, मांडणीवर लावतात, चार-सहा दिवस ठेवतात, मागणी आली की शोधून काढतात आणि मग गाडीत भरतात. क्रॉस-डॉकिंगमध्ये मधली तिन्ही कामं गाळायची असतात. इमारत लांबट आणि अरुंद. एका बाजूच्या दारांना आलेल्या गाड्या लागतात, समोरच्या दारांना जाणाऱ्या. माल फलाट ओलांडून पलीकडे जातो. इंग्रजीतला ‘क्रॉस’ हा ओलांडण्यातला आहे, फुलीचा किंवा आडवेपणाचा नाही. म्हणून एका ठिकाणी ‘आडवी गोदी’ असं भाषांतर वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. दोन्ही शब्द मराठीच, पण अर्थ कुठेच पोचत नाही. शिवाय गोदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचं बंदर आणि जहाजं येतात, लॉरीचा फाळका येत नाही.

माझी पसंती ‘आरपार’ या शब्दाला आहे. आरपार भरणी, आरपार माल. एका दारातून आत, दुसऱ्यातून बाहेर आणि मध्ये थांबा नाही, हे सगळं त्या एका शब्दात येतं. ‘थेट चढउतार’ हाही पर्याय चालेल. मालाची चढउतार हा रुळलेला शब्दप्रयोग आहे, पण त्यात दोन दारांचं चित्र उमटत नाही. ट्रान्सपोर्ट कचेऱ्यांत ‘क्रॉसिंगचा माल’ म्हणतात. तो मात्र पलटीच्या जवळचा शब्द आहे : आपली गाडी जिथवर जाते तिथवर न्यायचा आणि पुढच्या गावासाठी दुसऱ्याच्या गाडीत द्यायचा. आमच्या इथल्या हमालांना तर कुठल्याच नावाची गरज पडत नाही. कन्नडमधले ‘इळसू’ आणि ‘तुंबू’, म्हणजे उतरव आणि भर, एवढ्या दोन शब्दांवर त्यांचा दिवस जातो. आरपार मालात या दोन्हींच्या मध्ये तिसरा शब्द यायला नको, असंही म्हणता येईल.

आता खर्चाचं. हिशेब समजावा म्हणून मी आकडे सोयीचे धरतो. पुण्याकडून एका लॉरीतून ६०० खोकी आली. ती चार टेम्पोंनी खानापूर, बैलहोंगल, गोकाक आणि चंदगडला जायची आहेत, प्रत्येकी १५०. साठवून पाठवायची तर दर खोक्यामागे उतराई ३ रुपये, मांडणीवर लावणं २, सहा दिवसांचं भाडं आणि अडकलेल्या पैशाचं व्याज २, पुन्हा शोधून काढणं ३ आणि भराई ३. एकूण १३ रुपये. आरपार पाठवायची तर उतराई ३, गावाप्रमाणे वेगळी करणं २, भराई ३, म्हणजे ८ रुपये. खोक्यामागे ५ रुपये वाचले, लॉरीमागे ३,००० रुपये. तुमचा मुलगा सांगतो तो फायदा हाच, आणि तो खरा आहे.

पण हा फायदा वेळेवर टांगलेला आहे. लॉरी सकाळी सहाला येणार म्हणून चार टेम्पो दाराला लावून ठेवले आणि ती नऊला आली, तर काय होतं बघा. टेम्पोचा खोळंबा ताशी २५० रुपये धरला तर चार टेम्पो, तीन तास, बरोबर ३,००० रुपये. सगळी बचत तिथेच गेली. टेम्पोवाल्याशी फेरीचा ठराव असेल तर खोळंब्याचे पैसे कागदावर दिसत नाहीत, पण त्याची दुपारची दुसरी फेरी बुडते आणि पुढच्या महिन्यात तो दर वाढवून मागतो. साठवणीच्या पद्धतीत लॉरी तीन तास उशिरा आली तरी टेम्पो कालच्या मालावर निघून गेलेले असतात. गोदामातला साठा म्हणजे उशिराविरुद्ध घेतलेला विमा. आरपार पद्धतीत त्या विम्याचा हप्ता वाचतो, पण उशीर झाला की भरपाईही मिळत नाही.

दुसरा खड्डा अर्ध्या भरलेल्या गाडीचा. खानापूरच्या टेम्पोचं भाडं २,४०० रुपये धरा. १५० खोकी असतील तर खोक्याला १६ रुपये पडतात. त्या दिवशी खानापूरची मागणी ६० खोक्यांचीच असेल तरी भाडं तेच, म्हणजे खोक्याला ४०. आत ५ रुपये वाचवले आणि रस्त्यावर २४ घालवले. साठवण असती तर दोन दिवस थांबून टेम्पो भरून पाठवता आला असता. म्हणून जो माल रोज, जवळपास सारख्या प्रमाणात आणि गाडीभर खपतो तोच आरपार जावा. साबण, बिस्किटं, तेलाचे पुडे त्यात बसतात. महिन्यातून चार नग खपणारी वस्तू मांडणीवरच शोभते.

तिसरी गोष्ट पुस्तकात क्वचित सापडते, पण फलाटावर रोज अनुभवाला येते : लॉरी कोणत्या क्रमाने भरली. मी बेळगावातल्या एका ट्रान्सपोर्ट कचेरीत बरीच वर्षं बुकिंगला होतो. एका पावसाळ्यात आमच्याकडे असा आरपारचा प्रयोग सुरू झाला. चंदगडचा टेम्पो सर्वांत आधी निघायचा, कारण तिथले दुकानदार दुपारनंतर माल उतरवून घेत नसत. लॉरी आली, फाळका पाडला, तर समोर गोकाकचा माल. चंदगडची खोकी पार केबिनला लागून. ती बाहेर काढायला आधीची साडेचारशे खोकी उतरवावी लागली, आणि गोकाकच्या टेम्पोला अजून वेळ होता म्हणून ती फलाटावर रचावी लागली. त्यावर चिठ्ठ्याही नव्हत्या, नुसत्या खडूच्या खुणा, त्याही पावसाने अर्ध्या पुसलेल्या. एक म्हातारे हमाल मला म्हणाले, “आरपार म्हणून खाली कशाला ठेवूलायसा? हे तर गोदामच झालं की.” त्यांचं बरोबर होतं. चंदगडचा टेम्पो दुपारी दोनला निघाला आणि भरलेलाच परत आला. चूक इथल्या फलाटाची नव्हती, भरणाऱ्याची होती. आधी निघणारा माल शेवटी भरायचा, म्हणजे तो फाळक्याजवळ येतो, आणि प्रत्येक खोक्यावर गावाची चिठ्ठी तिकडेच लागायला हवी. माल कुणाचा हे तो इथे पोचल्यावर शोधायची वेळ आली की आरपार बुडालंच म्हणून समजा.

कागदांचंही तसंच आहे. आपण सीमेवर राहतो म्हणून हे जास्त जाणवतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी येण्यापूर्वी महाराष्ट्रातून कर्नाटकात विकलेल्या मालावर २ टक्के केंद्रीय विक्रीकर लागे आणि त्याची वजावट मिळत नसे. तो टाळायला कंपन्या प्रत्येक राज्यात आपला डेपो ठेवत, माल आधी त्या डेपोत स्वतःच्याच नावाने आणत आणि मग तिथून विकत. म्हणजे माल गोदामात उतरवण्याचं कारण पुष्कळदा कराचं असे, मागणीचं नसे. चंदगड बेळगावच्या इतकं जवळ, पण ते कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणून त्याचा माल पुष्कळदा महाराष्ट्रातल्या डेपोतून यायचा. जीएसटीनंतर ते कारण गेलं आणि बेळगावच्या एका फलाटावरून खानापूर आणि चंदगड दोन्ही करता येऊ लागली.

तरी एक गाठ उरते. माल मूळ ठिकाणाहूनच दुकानदाराच्या नावाने बिल होऊन निघाला असेल, तर बेळगावला फक्त गाडी बदलते आणि ई-वे बिलाच्या दुसऱ्या भागात नव्या टेम्पोचा नंबर भरावा लागतो. काही मिनिटांचं काम. पण माल केंद्राच्या नावाने आला आणि कुणाला किती हे इथे ठरत असेल, तर प्रत्येक दुकानासाठी नवं बिल करायचं, आणि ते ५०,००० रुपयांच्या वर गेलं तर नवं ई-वे बिलही. खोकी तासाभरात वेगळी होतात आणि टेम्पो बिलांसाठी थांबतात. या दोन प्रकारांना दोन नावं असावीत असं मला फार वाटतं : पहिल्याला ‘नावाचा आरपार’, दुसऱ्याला ‘वाटपाचा आरपार’. दोन्हींना एकच शब्द वापरल्यामुळे एकाचा फायदा दुसऱ्याच्या हिशेबात धरला जातो.

मुलाला एकच विचारा : रात्री शटर ओढताना फलाटावर किती खोकी उरतात, आणि त्यांतली किती काल रात्रीही तिथेच होती? आरपार माल दिवसाच्या आत निघून जायला हवा. कालची खोकी आजही दिसत असतील आणि हमाल त्यांना वळसा घालून चालत असतील, तर तिथे मांडणी नसलेलं गोदाम तयार झालंय. त्यात साठवणीचा खर्च आहेच, वर माल सापडत नाही. मग त्याला क्रॉस-डॉकिंगही म्हणू नये आणि आरपारही म्हणू नये. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे : तुंबलेला माल.