मधोमध न कापता फोटो कसा कापावा: तान्ह्या पोळ्याचा एक फोटो

प्रश्न: संकेतस्थळासाठी आडवे फोटो ४:५ आणि ९:१६ मध्ये कापावे लागतात. मधोमध कापण्याऐवजी सेलियन्सीने कापले तर खरंच फरक पडतो का, आणि कोणती लायब्ररी घ्यावी?

फरक पडतो, परंतु तो सेलियन्सीचा, म्हणजे फोटोतला कोणता भाग नजर किती ओढतो याचा, नकाशा काढल्याने पडत नाही. त्या नकाशावरून खिडकी, म्हणजे फोटोचा ठेवायचा तुकडा, कशी निवडली जाते, यावर सारे अवलंबून असते. याच मुद्द्यावर मी एका जुन्या नोकरीत वरिष्ठांशी अनेक महिने वाद घातला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे नागपुरातल्या सणांचे फोटो येत आणि ते मधोमध कापून मोबाइलच्या पानावर चढवले जात. वरिष्ठांचे म्हणणे असे की, छायाचित्रकार मुख्य विषय मध्यभागीच ठेवतो. हे म्हणणे मला तेव्हाही चुकीचे वाटत होते, आजही वाटते. ज्याला फोटो काढता येतो, तो विषयाच्या पुढे जागा सोडतो. चालणाऱ्या माणसाच्या समोर मोकळा रस्ता ठेवतो. मध्यावर विषय हमखास सापडतो तो पासपोर्टच्या फोटोत.

नागपूरच्या महाल भागातला तान्ह्या पोळ्याचा एक फोटो मला अजून आकड्यांसह आठवतो. तो ६०००×४००० पिक्सेलचा होता. डावीकडे धोतर-फेटा घातलेला चार-पाच वर्षांचा मुलगा, त्याच्या हातात दोरी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला चाकांवरचा लाकडी नंदी. नंदीच्या शिंगांना बेगड आणि गळ्यात झेंडूची माळ. मुलगा आडव्या अक्षावर साधारण ८५० पासून सुरू होत होता, त्याचा चेहरा १००० ते १५०० मध्ये होता आणि नंदी ३५०० ला संपत होता. उजवीकडे ५२०० च्या आसपास भिंतीवर एक छोटा फ्लेक्स होता आणि त्यावर ओळीने चेहरे होते.

४:५ साठी पूर्ण उंची ठेवली की रुंदी ३२०० होते आणि मधली खिडकी १४०० ते ४६०० वर पडते. पानावर काय गेले, तर नंदी, भरपूर रिकामा रस्ता आणि डाव्या काठातून आत येणारी दोरी. ती दोरी धरणारा मुलगा गायब होता. त्याच्या गालाची एक कड तेवढी उरली होती. दुसऱ्या दिवशी मुलाच्या आजोबांचा फोन आला आणि तो मीच घेतला.

त्यानंतर सेलियन्सी वापरण्याची परवानगी मिळाली, पण अटीसह: नकाशावरचा सर्वांत उजळ बिंदू घ्यायचा आणि त्याभोवती कापायचे, कारण ते सोपे आहे. आमचे मॉडेल माणसांच्या नजरेच्या नोंदींवर शिकवलेले होते, आणि माणसाची नजर चेहऱ्यांकडे व अक्षरांकडे ओढली जाते. फ्लेक्सवर दोन्ही होते, म्हणून उजळ बिंदू ५२०० वर निघाला. खिडकी फोटोबाहेर जाऊ नये म्हणून ती २८०० ते ६००० वर सरकवली गेली आणि या वेळी मुलगा तर गेलाच, नंदीचाही अर्धा भाग गेला. वरिष्ठांनी यावरून सेलियन्सीच निरुपयोगी ठरवली. वास्तविक ६०,००० पेशींच्या नकाशातली एकच पेशी वाचून बाकीचा नकाशा फेकून दिला होता. नकाशा वापरलाच नव्हता.

योग्य प्रश्न असा आहे: या मापाची खिडकी कुठे ठेवली तर तिच्यात एकूण सेलियन्सी सर्वाधिक येते? आडव्या फोटोतून उभा तुकडा कापताना उंची पूर्ण राहते, म्हणून हा शोध एकाच दिशेचा होतो. फोटो ३००×२०० वर आणायचा, त्याच्या नकाशातल्या प्रत्येक स्तंभाची बेरीज करायची आणि १६० स्तंभांची खिडकी सरकवत न्यायची. जागा फक्त १४१ असतात. खालच्या कोडमध्ये sal म्हणजे नकाशा आणि w म्हणजे खिडकीची रुंदी.

```python
sal[sal < sal.mean()] = 0
col = sal.sum(axis=0)
c = np.concatenate(([0], np.cumsum(col)))
score = c[w:] - c[:-w]
n = len(score)
score = score - k * (col[:n] + col[w-1:])
x = int(score.argmax())
```

पहिली ओळ वगळू नका. रस्त्याच्या डांबराला, भिंतीच्या पोपड्यांना थोडी-थोडी सेलियन्सी मिळते आणि ती रुंद पट्ट्यांवर जमून मुलाच्या चेहऱ्यालाही भारी पडते. शेवटून दुसरी ओळ आम्ही सर्वांत उशिरा घातली आणि तिनेच सर्वाधिक फोटो वाचवले. नुसत्या बेरजेला खिडकीच्या काठावर काय चिरले जाते याची पर्वा नसते. अर्धा चेहरा आत आला तरी बेरीज खूशच असते. म्हणून दोन्ही काठांवरच्या स्तंभांत जेवढी सेलियन्सी असेल, तिच्या k पट गुण वजा करायचे, म्हणजे खिडकी रिकाम्या जागेतून कापण्याकडे झुकते. k मी ६ पासून सुरू केला. शंभरेक फोटो डोळ्यांखालून घालून तो आपापल्या साठ्यासाठी ठरवावा लागतो.

वरच्या फोटोत खिडकी ३८ व्या स्तंभावर थांबली, म्हणजे ७६० ते ३९६०. मुलगा पूर्ण, दोरी पूर्ण, नंदी पूर्ण, आणि फ्लेक्स बाहेर. मुलगा आणि नंदी या दोन मध्यम उंचीच्या टेकड्या एकत्र आल्या की त्यांची बेरीज फ्लेक्सच्या एकट्या टोकदार शिखराहून मोठी होते, हे त्यामागचे कारण.

२०२१ मध्ये ट्विटरने स्वतःच्या स्वयंचलित कापणीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा हा वाद माझ्यापुरता मिटला. त्यांची पद्धतही सर्वोच्च बिंदूचीच होती आणि तिचे निकाल स्त्री-पुरुष व गोरे-काळे यांच्यात समान नव्हते. दोन चेहऱ्यांच्या गुणांत किरकोळ फरक असला तरी एकच शिखर निवडल्यामुळे एक चेहरा पूर्ण राहतो आणि दुसरा पूर्ण जातो, हे त्या अभ्यासातही मांडलेले आहे.

लायब्ररीबद्दल थोडक्यात. सुरुवातीला libvips पुरेशी आहे:

```
vipsthumbnail photo.jpg --size 800x1000 --smartcrop attention
```

तीही शेवटी सर्वोच्च बिंदूच घेते, पण आधी नकाशा कापायच्या मापाच्या प्रमाणात धूसर करते, त्यामुळे शेजारच्या गोष्टींचे वजन त्या बिंदूत मिसळते. धूसर न केलेल्या नकाशावरच्या बिंदूहून हे पुष्कळ बरे. OpenCV मधली StaticSaliencySpectralResidual वेगवान आहे, परंतु जवळून घेतलेल्या चेहऱ्यात ती आतला भाग सोडून कडाच उजळवते, तेव्हा व्यक्तिचित्रांसाठी तिच्यावर विसंबू नये.

चेहरा ओळखणारे मॉडेल जोडावे असे बरेच जण सुचवतील. जोडावे, पण प्रत्येक चेहऱ्याला सारखे वजन देऊ नये. आमच्या फोटोत मुलाचा चेहरा ५०० पिक्सेल रुंद होता आणि फ्लेक्सवरचा प्रत्येक चेहरा १५० च्या आसपास. वजन क्षेत्रफळाच्या प्रमाणात दिले की मुलाचा चेहरा त्यांच्या अकरा पट भरतो. फ्लेक्स मोठा आणि मूल लहान असेल तर मात्र हा उपायही फसतो, आणि आपल्याकडे सणासुदीला तसे फोटो भरपूर निघतात.

९:१६ चे उत्तर वेगळे आहे. त्यात रुंदी २२५० उरते आणि मुलाच्या पाठीपासून नंदीच्या शेपटीपर्यंत २६५० लागतात. कोणतीही खिडकी दोघांना सामावू शकत नाही आणि कोणतेही मॉडेल हे बदलू शकत नाही. हे ओळखण्यासाठी निवडलेल्या खिडकीतील सेलियन्सीला संपूर्ण नकाशाच्या सेलियन्सीने भागावे. आमच्या साठ्यात हे गुणोत्तर ०.७ च्या खाली गेले की फोटो कापला जात नसे. तो पूर्ण रुंदीत ठेवून वर-खाली त्याचीच धूसर प्रत भरली जाई. वरिष्ठांना ती धूसर पट्टी दिसायला आवडत नसे. आजोबांचा तो फोन त्यांनी घेतला असता, तर त्यांनीही पट्टीच निवडली असती, असे माझे ठाम मत आहे.