चार ऑक्सिजन गेले कुठे?

“रेडॉक्स समीकरण जुळवायच्या सगळ्या पायऱ्या पाठ आहेत. तरी H⁺ चुकीच्या बाजूला पडतो, आणि आम्लारी माध्यम आलं की काहीच आठवत नाही. अजून किती पाठ करू?”

अकरावी-बारावीची मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा हीच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर सात पायऱ्या होत्या, आम्लासाठी निळ्या शाईत आणि आम्लारीसाठी लाल. मी ते पान मिटायला सांगितलं. कारण तोंडाने सांगता आल्याशिवाय मी कोणाला पेन उचलू देत नाही.

परमँगनेटची आम्लातली अर्धअभिक्रिया घेतली: MnO₄⁻ → Mn²⁺.

“डावीकडे चार ऑक्सिजन आहेत, उजवीकडे एकही नाही. गेले कुठे?”

“उजवीकडे 4H₂O लिहायचं.”

“लिहायचं काय ते नाही विचारलं. गेले कुठे?”

तो बराच वेळ गप्प होता. अशा वेळी मी घाई करत नाही. मग हळूच म्हणाला, “पाण्यात गेले असतील. पण पाण्याला हायड्रोजन लागेल… तो आम्लातूनच येणार. आठ लागतील. म्हणजे H⁺ डावीकडे, कारण तो खर्च होतोय!”

एवढ्या वर्षांत मला पटलंय की मूल ‘कुठली बाजू’ विसरतं, कारण त्याच्या लेखी H⁺ ही नुसती भर घालायची वस्तू असते. तो द्रावणात आधीपासून आहे आणि ऑक्सिजन उचलून नेतो, हे डोळ्यांसमोर आलं की बाजू विचारावी लागत नाही.

आता विद्युतभार. डावीकडे −1 आणि +8 मिळून +7, उजवीकडे +2. अणू जुळले, भार नाही. इलेक्ट्रॉन ऋण, म्हणून जिथे धन जास्त तिथे पाच घालायचे:

MnO₄⁻ + 8H⁺ + 5e⁻ → Mn²⁺ + 4H₂O

पडताळायलाही सांगितलं. मँगनीजचा ऑक्सिडीकरण अंक +7 वरून +2 वर येतो, म्हणजे पाचच इलेक्ट्रॉन. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला. नसता आला, तर चूक बहुधा पाणी किंवा H⁺ मोजण्यात असते.

पुढच्या भेटीत लाल शाईची पाळी आली. आम्लारीत ऑक्सिजन कमी तिकडे OH⁻ घालायचा, असं त्याने घोकलं होतं. पण OH⁻ ऑक्सिजनबरोबर हायड्रोजनही आणतो, म्हणून एक जुळवलं की दुसरं बिघडायचं. मी म्हटलं, “आधी आम्लात असल्यासारखंच सोडव. मग द्रावणात जे राहूच शकत नाही ते काढून टाक.”

परमँगनेट आणि सल्फाइट घेतलं. सौम्य आम्लारीत मँगनीजचा MnO₂ होतो. दोनच ऑक्सिजन सुटतात, म्हणून 2H₂O, 4H⁺ आणि तीन इलेक्ट्रॉन:

MnO₄⁻ + 4H⁺ + 3e⁻ → MnO₂ + 2H₂O

“आता हे चार H⁺ आम्लारीत टिकतील?”

“नाही, OH⁻ त्यांना पाणी करून टाकेल.” मग स्वतःहून, “पण डावीकडे चार OH⁻ घातले तर उजवीकडेही चार घालायला हवेत!”

डावीकडे 4H₂O झालं, दोन्हीकडचं दोन पाणी छाटलं:

MnO₄⁻ + 2H₂O + 3e⁻ → MnO₂ + 4OH⁻

दोन्हीकडे −4. सल्फाइटची बाजू त्याने एकट्याने केली:

SO₃²⁻ + 2OH⁻ → SO₄²⁻ + H₂O + 2e⁻

तीन घेतले जातात, दोन दिले जातात. म्हणून पहिलीला दोनने, दुसरीला तीनने गुणलं. सहा इलेक्ट्रॉन उडाले. जास्तीचं पाणी आणि OH⁻ छाटल्यावर:

2MnO₄⁻ + 3SO₃²⁻ + H₂O → 2MnO₂ + 3SO₄²⁻ + 2OH⁻

त्याने न सांगता दोन्हीकडचा भार मोजला. −8 आणि −8. लाल शाईच्या पायऱ्या त्याने स्वतःच खोडल्या, आणि ते पाहताना मला फार समाधान वाटलं.

मग त्याने विचारलं, “मॅडम, पण MnO₂च होतो हे या रीतीने कसं कळलं?”

नाही कळत. ही रीत दिलेले पदार्थ जुळवते, कोणते तयार होतील ते सांगत नाही. परमँगनेट आम्लात जवळजवळ रंगहीन Mn²⁺ होतो, उदासीन किंवा सौम्य आम्लारीत तपकिरी MnO₂, आणि तीव्र आम्लारीत हिरवा MnO₄²⁻. या तीन ओळी मात्र मी त्याला पाठ करायला सांगितल्या, आणि निळ्या-लाल पायऱ्यांच्या जागी त्याने त्याच लिहून घेतल्या.